मेल नेहमीच्याच पत्त्यावरून आलाय, पण लिहिणारा तोच आहे का?

समजा, एका हाउसिंग सोसायटीच्या खजिनदार बाईंना लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंत्राटदाराचा मेल आला. पत्ता नेहमीचाच, जुन्याच ट्रेलमध्ये आलेला, बिलाची रक्कमही बरोबर. फक्त शेवटी एक ओळ जास्त होती: आमचं बँक खातं बदललंय, या वेळचे पैसे नव्या खात्यात टाका.

कंत्राटदाराचं मेल अकाउंट दुसऱ्याच कुणाच्या हातात गेलं असेल, तर पत्ता तपासून काहीच कळणार नाही, कारण तो खराच असतो. अशा वेळी मेलच्या मजकुरातून मिळणारी एक खूण म्हणजे लिहिण्याची पद्धत. ‘हे त्यांच्यासारखं वाटत नाही’ असं आपल्याला अनेकदा जाणवतं. पण ते तपासायचं कसं?

आधी जुने मेल निवडा

त्याच माणसाचे, तुम्हालाच आलेले, त्याच प्रकारचे दहा-पंधरा मेल काढा. पैशांबद्दलच्या मेलची तुलना दिवाळीच्या शुभेच्छांशी करून उपयोग नाही. माणूस विषय आणि समोरची व्यक्ती पाहून भाषा बदलतोच.

मग प्रत्येक मेलमधला फक्त त्याने स्वतः टाइप केलेला मजकूर ठेवा. खाली जोडलेले जुने मेल, फॉरवर्ड केलेला भाग, आपोआप लागणारी सही, कंपनीची ठरलेली सूचना हे सगळं वगळा. हे राहून गेलं तर नव्या मेलमध्ये जुनीच भाषा दिसते आणि फसगत होते.

नेमकं काय पाहायचं?

मोठे शब्द किंवा ‘टोन’ नाही. हात आपोआप करतो त्या बारीक सवयी बघा. सुरुवात कशी करतो, त्यानंतर स्वल्पविराम देतो का, वाक्य एका टिंबाने संपवतो की दोन टिंबांनी, रक्कम आणि तारीख कशी लिहितो, कोणता शब्द कायम चुकीचा लिहितो, शेवट कसा करतो.

आता आपल्या उदाहरणाकडे येऊ. बाईंनी कंत्राटदाराचे १२ जुने मेल काढले आणि प्रत्येक सवय किती वेळा दिसते ते मोजलं.

- सुरुवात ‘नमस्कार मॅडम’: १२ पैकी १२
- वाक्याच्या शेवटी दोन टिंबं: १२ पैकी ११
- ‘आणि’ऐवजी ‘आणी’: हा शब्द आला त्या ९ मेलपैकी ९
- रक्कम ‘४२,५००/-’ अशी: १२ पैकी १२
- शेवटी ‘कळावे’: १२ पैकी ७

यातली शेवटची सवय सोडून द्यायची. ते कधी ‘कळावे’ लिहितात, कधी नाही. म्हणजे नव्या मेलमध्ये ते नसलं तरी त्याला अर्थ नाही. जी गोष्ट माणूस स्वतःच सारखी बदलतो, ती खूण म्हणून कामाची नसते. उरलेल्या चार सवयी मात्र पक्क्या आहेत.

नवा मेल ‘आदरणीय महोदया’ने सुरू होतो. वाक्यं एका टिंबाने संपतात. ‘आणि’ बरोबर लिहिलंय. रक्कम ‘रु. ४२५००’ अशी आहे. चारही सवयी एकाच मेलमध्ये बदलल्या आणि नेमक्या खातं बदलायला सांगणाऱ्या मेलमध्ये बदलल्या.

आपल्यालाच भास होत नाही ना?

एकदा संशय आला की सगळंच वेगळं दिसायला लागतं. त्यावर सोपा उपाय आहे. जुन्यापैकी एक खरा मेल बाजूला काढा आणि तो ‘नवा’ आहे असं समजून उरलेल्या ११ मेलशी ताडून पाहा. मग दुसरा काढा, मग तिसरा.

बाईंनी हे केलं, तेव्हा एका खऱ्या मेलमध्ये एकच सवय मोडलेली दिसली: घाईत लिहिलेल्या मेलमध्ये एकच टिंब होतं. बाकीच्या ११ मेलमध्ये एकही नाही. म्हणजे या माणसाचा स्वतःचा चढउतार फार तर एका सवयीचा आहे आणि नवा मेल चार सवयींनी वेगळा आहे. खरे मेलही तीन-चार सवयींनी वेगळे निघाले असते, तर या तुलनेवर भरवसा ठेवता आला नसता.

मग फसवणूक सिद्ध झाली का?

नाही. शैली बदलली याचा अर्थ एवढाच की हा मेल बहुधा वेगळ्या हाताने किंवा वेगळ्या परिस्थितीत लिहिला गेलाय. ऑफिसात मेल लिहायला नवीन माणूस आला असेल. मुलाने वडिलांच्या वतीने टाइप केलं असेल. नव्या फोनचा कीबोर्ड ‘आणी’चं ‘आणि’ करत असेल. सवयी हळूहळू, तीन-चार मेलमध्ये बदलत गेल्या असतील तर तेही साधं कारण असू शकतं.

उलट बाजूही लक्षात ठेवा. अकाउंटमध्ये शिरलेला माणूस जुने मेल वाचू शकतो आणि जुनाच मेल कॉपी करून फक्त खाते क्रमांक बदलू शकतो. तेव्हा शैली तंतोतंत जुळेल. त्यामुळे ‘भाषा तीच आहे’ हा मेल खरा असल्याचा पुरावा नाही.

कोर्टात हे कसं वापरलं गेलं?

अमेरिकेत पॉल सेग्लिया याने २०१० साली मार्क झुकरबर्गवर दावा लावला आणि फेसबुकच्या मालकीत मोठा वाटा मागितला. पुढे त्याने झुकरबर्गचे म्हणून काही जुने मेल मांडले. मूळ मेल नव्हते. वर्ड फाइलमध्ये कॉपी करून ठेवलेला मजकूर होता.

फेसबुकच्या बाजूने भाषातज्ज्ञ जेराल्ड मॅकमेनॅमिन यांनी तो मजकूर झुकरबर्गच्या खात्रीच्या मेलशी ताडला. त्यांनीही स्पेलिंग, विरामचिन्हं, ओळीने दिलेली टिंबं अशाच बारीक खुणा पाहिल्या. हे मेल झुकरबर्गने लिहिलेले नसण्याची शक्यता जास्त आहे, असं त्यांचं मत होतं. ‘नक्की’ असं तेही म्हणाले नाहीत.

मग कॉम्प्युटर तपासणीत भाषेपलीकडचे पुरावे मिळाले. हिवाळ्यातल्या काही मेलवर उन्हाळ्यातला टाइम झोन होता. झुकरबर्गच्या हार्वर्डच्या मेलबॉक्समध्ये ते मेल सापडले नाहीत. अखेर २०१४ साली कोर्टाने दावा फेटाळला. भाषेने संशयाला आधार दिला, पण निकाल फक्त भाषेवर लागला नाही.

आपण काय करायचं?

तेच. तुलनेतून संशय पक्का झाला की त्या मेलला उत्तर देऊन विचारू नका, कारण उत्तर तोच माणूस देईल. मेलमधल्या नंबरवरही नाही, तर आपल्याकडे आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर फोन करून विचारा. खाते क्रमांक बदलत असेल तर शैली जुळली तरी हा फोन करायचाच.

पैसे गेलेच असतील तर लगेच बँकेला कळवा, १९३० या हेल्पलाइनवर फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. जुने आणि नवे मेल डिलीट करू नका. फक्त स्क्रीनशॉट पुरत नाही. मूळ मेलमध्ये तो कुठून आणि कधी निघाला याची माहिती असते आणि तपासाला तीच लागते.