ठाणे बंदर, मंगोलकालीन

नवी मुंबईसमोरच्या खाडीच्या टोकाला वसलेले मध्ययुगीन बंदर. कोकण मंगोलांच्या ताब्यात कधीच आले नाही, तरीही त्यांच्या साम्राज्याने खुल्या केलेल्या वाटा इथवर पोहोचल्या. इराणातील मंगोल इल्खानांची राजधानी तब्रीझ. तिथून व्यापारी होर्मूझला उतरत आणि अरबी समुद्र ओलांडून ठाण्याला येत.

ही वाट एका प्रवासातून नीट दिसते. 1321 मध्ये चार फ्रान्सिस्कन धर्मप्रचारक होर्मूझहून ठाण्यात आले. त्यांतील दिमित्री तिफ्लिसचा होता, बाकीचे इटलीचे. ठाण्यातील नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाने त्यांना आसरा दिला. तेव्हा बंदर दिल्लीच्या सुलतानाकडे होते. स्थानिक काझीसमोर धर्मावरून वाद झाला आणि चौघेही मारले गेले. सोबती जॉर्दानुसने त्यांचे दफन सोपाऱ्याला केले.

पुढे ओदोरिक नावाचा प्रवासी लोखंडी खिळा नसलेल्या, दोरांनी शिवलेल्या जहाजातून होर्मूझहून अठ्ठावीस दिवसांत ठाण्याला पोहोचला. त्याने त्या अस्थी उचलल्या आणि थेट मंगोल चीनमधील झायतून बंदरात नेल्या. इटली, इराण, कोकण आणि चीन एका गाठोड्याने जोडले गेले!

व्यापारात घोड्यांचे महत्त्व विशेष. त्याआधीच्या मार्को पोलोच्या वृत्तांतानुसार ठाण्याचा राजा चाच्यांना लुटीची मोकळीक देई. पकडलेले घोडे मात्र राजाचे. बंदराची कुख्याती त्यामुळेच. चामडे आणि सुती कापड येथून बाहेर जाई.