अहवालातली आकृती ऐकू कशी येते? वणीच्या कोळसा खाणींच्या उदाहरणातून समजून घ्या ऑल्ट टेक्स्ट

यवतमाळ जिल्ह्यातला वणी तालुका हा वर्धा खोऱ्यातल्या कोळशाचा पट्टा. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या उकणी, जुनाड, घोन्सा, कोलार पिंपरी अशा खाणींची नावं इथे रोजच्या बोलण्यात असतात. ज्या नव्या खाणीला किंवा खाणीच्या विस्ताराला पर्यावरण मंजुरीआधी जनसुनावणी लागते, तिथे केंद्र सरकारच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण परिणाम मूल्यांकनाचा मसुदा आणि त्याचा सारांश लोकांसाठी खुला ठेवावा लागतो. हा सारांश इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही, म्हणजे इथे मराठीतही द्यावा लागतो. लोकांना तो वाचून म्हणणं मांडायला किमान ३० दिवस मिळतात.

पण या सारांशातली महत्त्वाची माहिती बऱ्याचदा चित्रांमध्ये असते. गावं खाणीपासून किती लांब आहेत ते नकाशात, वारा कुठून येतो ते एका गोल आकृतीत आणि हवेतली धूळ किती ते स्तंभालेखात. दृष्टिबाधित वाचक मोबाइल किंवा संगणकावर स्क्रीन रीडर लावून मजकूर ऐकतो. चित्राशी आल्यावर त्याला नुसतं 'ग्राफिक' असं ऐकू आलं, तर आपल्या गावाबद्दलची सगळ्यात कामाची माहिती त्याच्या हातून निसटते. ३० दिवसांची मुदत मात्र त्याच्यासाठीही तेवढीच असते.

ऑल्ट टेक्स्ट म्हणजे काय?

ऑल्ट टेक्स्ट म्हणजे चित्राला जोडलेलं लेखी वर्णन. पानावर ते एरवी दिसत नाही, पण स्क्रीन रीडर चित्रापाशी आला की ते वाचून दाखवतो. चित्राखालच्या ओळीपेक्षा, म्हणजे कॅप्शनपेक्षा, हे वेगळं असतं. कॅप्शन सगळ्यांसाठी असते आणि वाचकाला चित्र दिसतंय असं ती धरून चालते. ऑल्ट टेक्स्ट चित्राची जागा घेतं.

वर्डमध्ये चित्रावर राइट क्लिक केल्यावर View Alt Text किंवा Edit Alt Text हा पर्याय येतो. उजवीकडे उघडणाऱ्या चौकटीत वर्णन लिहायचं. वेबपानावर तेच वर्णन चित्राच्या कोडमध्ये बसतं.

'वाऱ्याची आकृती' एवढं लिहून का भागत नाही?

कारण त्यातून चित्राचा प्रकार कळतो, माहिती कळत नाही. विंड रोझचं उदाहरण घेऊ. खाणीच्या अहवालात ही आकृती हमखास असते. मध्यबिंदूपासून वेगवेगळ्या दिशांना पाकळ्या निघतात. पाकळी जितकी लांब, तितका जास्त वेळ वारा त्या दिशेने आलेला असतो.

समजा, एका अहवालातल्या अशा आकृतीत सगळ्यात लांब पाकळी वायव्येला आहे. (इथले आणि पुढचे आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत.) तिचं ऑल्ट टेक्स्ट लिहिताना पहिला मसुदा बहुतेक वेळा असा होतो:

*वाऱ्याची दिशा आणि वेग दाखवणारी रंगीत आकृती.*

ही आकृती कशाबद्दल आहे एवढंच यातून समजलं. मग दुसरा प्रयत्न होतो:

*निळ्या, हिरव्या आणि पिवळ्या पाकळ्या असलेलं वर्तुळ. वायव्येकडची पाकळी सर्वांत मोठी आहे.*

आता चित्र कसं दिसतं ते कळलं, पण त्याचा अर्थ कळला नाही. उलट इथे एक धोका आहे. पाकळी वायव्येला आहे हे ऐकून वारा वायव्येकडे जातो, असा समज सहज होतो. विंड रोझमध्ये पाकळी वारा *कुठून आला* ते दाखवते. म्हणजे हवेतली धूळ त्याच्या बरोबर उलट, आग्नेयेकडच्या गावांच्या दिशेने जाणार. वर्णन इथे चुकलं, तर वाचक भलत्याच गावाची काळजी करत बसेल. म्हणून तिसरा मसुदा:

*विंड रोझ, मार्च ते मे. वारा सर्वाधिक वेळ, ३४ टक्के तास, वायव्येकडून आग्नेयेकडे वाहिला. त्याखालोखाल १८ टक्के तास पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहिला. ९ टक्के तास वारा जवळपास स्थिर होता.*

यात रंग नाहीत आणि पाकळ्याही नाहीत. वारा कुठून कुठे वाहिला, किती वेळ आणि कोणत्या महिन्यांत, हे मात्र आलं. डोळस वाचक ही आकृती पाहून जे लक्षात ठेवतो, तेच या तीन वाक्यांत आहे. ऑल्ट टेक्स्ट लिहिण्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न हाच: हे चित्र इथे काय सांगण्यासाठी ठेवलं आहे?

आकडे खूप असतील तर?

स्क्रीन रीडर ऑल्ट टेक्स्ट साधारण एका दमात वाचतो. परिच्छेदात मागे-पुढे जाऊन एखादा आकडा पुन्हा ऐकावा, तशी सोय त्यात नीट मिळत नाही. म्हणून ते दोन-तीन वाक्यांत संपलेलं बरं. बाकीचे आकडे चित्राजवळच्या मजकुरात किंवा साध्या तक्त्यात द्यावेत. तक्ता खरा असावा, तक्त्याचा फोटो नसावा. खऱ्या तक्त्यात वाचक एकेका चौकटीवर थांबू शकतो.

धुळीच्या स्तंभालेखाचं उदाहरण घ्या. देशाच्या २००९ च्या मानकांप्रमाणे हवेतल्या पीएम १० या धूलिकणांची २४ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. समजा, चार ठिकाणच्या नोंदी ७२, ८१, ८८ आणि ११८ आहेत आणि शेवटची नोंद शाळेजवळची आहे. आता हे वर्णन बघा:

*चार ठिकाणच्या पीएम १० धूलिकणांचा स्तंभालेख. सरासरी ९० असून ती मर्यादेच्या आत आहे.*

यातलं गणित बरोबर आहे, तरीही वर्णन दिशाभूल करतं. डोळस वाचकाची नजर पहिल्यांदा मर्यादेच्या रेषेच्या वर गेलेल्या स्तंभावर जाते. ऐकणाऱ्याला तो स्तंभ कळलाच नाही. योग्य वर्णन असं होईल:

*चार ठिकाणच्या पीएम १० धूलिकणांचा स्तंभालेख. शाळेजवळ ११८ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, म्हणजे १०० च्या मर्यादेपेक्षा जास्त. बाकी तिन्ही ठिकाणी ७२ ते ८८, मर्यादेच्या आत. सर्व आकडे खालच्या तक्त्यात.*

याची दुसरी बाजूही पाळावी लागते. चित्रात नसलेला निष्कर्ष ऑल्ट टेक्स्टमध्ये घुसडायचा नाही. 'खाणीमुळे शाळेजवळ धूळ वाढली' असं लिहिता येणार नाही, कारण आलेख प्रमाण दाखवतो, कारण दाखवत नाही. फोटोलाही हेच लागू. 'यशस्वी वृक्षलागवड' हे मत झालं. 'मातीच्या ढिगाऱ्याच्या उतारावर अंदाजे गुडघ्याएवढ्या रोपांच्या तीन ओळी, वरचा अर्धा उतार उघडा' हे वर्णन झालं.

नकाशाच्या बाबतीत आकार सांगण्यापेक्षा अंतर आणि दिशा सांगावी. 'लाल रेषेच्या आतला भाग' या शब्दांनी काहीच कळत नाही. 'खाणीच्या हद्दीपासून २ किलोमीटरच्या आत तीन गावं, सगळ्यात जवळचं आग्नेयेला ६०० मीटरवर' हे कळतं. गावांची संपूर्ण यादी पुन्हा तक्त्यात जाईल. आणि पानाच्या कडेची नक्षी, रेघा यांसारख्या निव्वळ सजावटीला वर्णन देऊ नये. वर्डमध्ये Mark as decorative निवडावं. वेबपानावर ऑल्ट रिकामं ठेवावं, म्हणजे स्क्रीन रीडर ते चित्र ओलांडून पुढे जातो:

```html
<img src="border.png" alt="">
```

चांगलं लिहूनही ते वाचकापर्यंत का पोचत नाही?

याची तीन कारणं नेहमी आढळतात.

पहिलं कारण मराठी फॉन्टचं. अजूनही बरेच अहवाल कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतात. अशा फॉन्टमध्ये पानावर 'वणी' दिसतं, पण फाइलमध्ये खरी अक्षरं `o.kh` अशी असतात. स्क्रीन रीडर फॉन्ट बघत नाही, अक्षरं वाचतो. त्यामुळे त्याच्या तोंडून इंग्रजी अक्षरांचा कालवा ऐकू येतो. ऑल्ट टेक्स्टच्या चौकटीत तर हा फॉन्ट लागतच नाही. म्हणून वर्णन आणि सगळा अहवाल युनिकोड मराठीतच हवा. एककं आणि संक्षेपही पूर्ण लिहावेत. 'मा.ग्रॅ./घ.मी.' ऐकून समजत नाही, 'मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर' समजतं.

दुसरं कारण पीडीएफ करण्याच्या पद्धतीचं. वर्डमधून Microsoft Print to PDF निवडून फाइल 'छापली' तर ऑल्ट टेक्स्ट गळून पडतं. त्याऐवजी Save As मधून पीडीएफ निवडून Options मध्ये Document structure tags for accessibility यावर खूण असल्याची खात्री करावी.

तिसरं कारण सही-शिक्क्याचं. अहवाल छापायचा, त्यावर सही-शिक्का घ्यायचा आणि सगळी पानं स्कॅन करून अपलोड करायची. यात प्रत्येक पान हेच एक चित्र होऊन बसतं. दिव्यांग हक्क कायद्याच्या २०१७ च्या नियमांमध्ये संकेतस्थळावर ठेवायचे दस्तऐवज ई-पब किंवा ओसीआर केलेल्या पीडीएफमध्ये असावेत, असं म्हटलं होतं. पण ओसीआर छापलेली अक्षरं ओळखतं, ते विंड रोझचा अर्थ सांगत नाही. सहीचं पान तेवढं स्कॅन करावं आणि मूळ अहवालाची फाइल सोबत ठेवावी.

नीट झालं की नाही, हे कसं तपासायचं?

एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर विंडोजवर चालतो आणि त्यात मराठी आवाजही निवडता येतो. तयार झालेली पीडीएफ किंवा वेबपान त्यात उघडायचं आणि G ही कळ दाबत जायचं. प्रत्येक वेळी पुढचं चित्र येतं आणि त्याचं वर्णन ऐकू येतं. फाइलचं नाव, नुसतं 'ग्राफिक' किंवा इंग्रजी अक्षरं ऐकू आली, तर तिथे काम बाकी आहे.

मात्र वर्णन आहे की नाही एवढंच यातून कळतं. वर्डमधलं Check Accessibility सुद्धा रिकामी चौकट दाखवतं, चुकीचा अर्थ पकडत नाही. त्यासाठी माणूसच लागतो. अहवाल न पाहिलेल्या एखाद्याला वर्णन मोठ्याने वाचून दाखवायचं आणि चित्र न दाखवता विचारायचं: उन्हाळ्यात धूळ कोणत्या बाजूच्या गावांकडे जाईल? मर्यादा कुठे ओलांडली गेली आणि कितीने? सगळ्यात जवळचं गाव किती लांब आहे? जमल्यास ही तपासणी रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिबाधित व्यक्तीकडून करून घ्यावी.

जनसुनावणीत जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधी अधिकाऱ्यासमोर लोकांचं म्हणणं नोंदवलं जातं. 'आमच्याकडे धूळ फार येते' आणि 'तुमच्याच अहवालात शाळेजवळचा आकडा ११८ आहे, मर्यादा १०० आहे' या दोन वाक्यांपैकी दुसऱ्याला उत्तर देणं भाग पडतं. स्तंभालेखाचं वर्णन नीट लिहिलेलं असेल, तर ते दुसरं वाक्य दृष्टिबाधित गावकऱ्यालाही बोलता येईल.