ऋतुरंग विश्लेषण

ऋतुरंग विश्लेषण ही त्वचा, केस व डोळे यांच्या रंगांवरून व्यक्तीला कोणत्या रंगांची वस्त्रे शोभतील हे ठरवण्याची पद्धत आहे. तीत व्यक्तींची वसंत, ग्रीष्म, शरद व शिशिर अशा चार गटांत विभागणी केली जाते. वस्त्राच्या रंगाचा चेहऱ्याच्या दिसण्यावर परिणाम होतो, हे या पद्धतीमागील तत्त्व खरे आहे. मात्र प्रत्येक व्यक्तीचा एकच कायमचा गट असतो, हा दावा सिद्ध झालेला नाही.

इतिहास

स्विस चित्रकार योहानेस इटेन यांनी विद्यार्थ्यांची रंगनिवड आणि त्यांचे स्वतःचे वर्ण यांत साम्य असल्याचे नोंदवले होते. अमेरिकेत सुझान केगिल यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास ऋतूंवर आधारलेली वस्त्ररंगांची मांडणी विकसित केली. कॅरोल जॅक्सन यांच्या १९८०च्या पुस्तकामुळे ही पद्धत घरोघरी पोहोचली. पुढे चारांचे बारा उपगट करण्यात आले.

वर्गीकरण

वसंत व शरद हे गट उष्ण, म्हणजे पिवळसर झाक असलेल्या रंगांचे मानले जातात, तर ग्रीष्म व शिशिर हे शीतल, म्हणजे निळसर झाक असलेल्या रंगांचे. वसंताचे रंग उजळ व स्वच्छ, शरदाचे गडद व मातकट, ग्रीष्माचे फिके व मंद, तर शिशिराचे ठळक व तीव्र असतात.

ही नावे युरोप-अमेरिकेतील निसर्गावरून आलेली आहेत. मे महिन्यात चाळीस अंशांपलीकडे तापणाऱ्या सोलापूरच्या वाचकाला ग्रीष्म 'शीतल' का, हे उमगणार नाही. तसेच तेथील शरद हा पानगळीचा ऋतू आहे, पावसाळ्यानंतरचा हिरवा शरद नव्हे. म्हणून गटांची नावे केवळ खुणा समजावीत.

शास्त्रीय आधार

वस्त्राचा परिणाम दोन प्रकारे होतो. गळ्याजवळील कापडावरून परावर्तित होणारा प्रकाश हनुवटीवर व मानेवर पडतो. शिवाय शेजारच्या रंगामुळे मूळ रंग वेगळा भासतो. पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेतील रंगकामाचे प्रमुख मिशेल शेव्रल यांनी १८३९मध्ये या दुसऱ्या परिणामाचे नियम मांडले. काळे सूत फिके दिसते या तक्रारीचे कारण रंगात नसून शेजारच्या धाग्यांत आहे, असे त्यांना आढळले होते.

विश्वासार्हता व मर्यादा

चार गटांची मूळ विभागणी गोऱ्या वर्णांतील सूक्ष्म फरकांवर उभी आहे. काळे केस व गडद डोळे असलेल्या बहुतेक व्यक्ती तीत शिशिर गटातच जातात. साहजिकच गव्हाळ, निमगोऱ्या व सावळ्या वर्णांत भेद करण्यास ती फारशी उपयोगी ठरत नाही.

मनगटाच्या शिरा निळ्या दिसतात की हिरव्या, ही प्रचलित चाचणीही भरवशाची नाही. शिरेची खोली व त्वचेतून विखुरणारा प्रकाश यांवर तो रंग अवलंबून असतो. छायाचित्रावरून केलेले विश्लेषणही फसवे असते, कारण मोबाइलचा कॅमेरा रंगांचा समतोल आपोआप बदलतो. उन्हाने रापलेली त्वचा व पिकलेले केस यांमुळे व्यक्तीचा वर्णही बदलत राहतो.

सर्वांत मोठा दोष परीक्षकाच्या नजरेत असू शकतो. ज्या रंगात चेहरा गोरा भासतो तोच 'शोभणारा' असे मानले, तर चाचणी रंगाची न राहता वर्णविषयक पूर्वग्रहाची होते. सावळ्या मुलीने गडद रंग नेसू नयेत हा सल्ला याच गफलतीतून दिला जातो.

उपयोगाची रीत

ही पद्धत शिक्का म्हणून न वापरता तुलनेसाठी वापरावी. उदाहरणार्थ, जुळे सोलापुरातील गव्हाळ वर्णाच्या एखाद्या स्त्रीला लग्नकार्यासाठी राणी रंगाची साडी घ्यावी की विटकरी, हे ठरवायचे आहे. चाचणीसाठी या दोन रंगांची सारख्याच गडदपणाची व तीव्रतेची कापडे घ्यावीत. एक फिके व दुसरे गडद असेल, तर फरक झाकेमुळे पडला की गडदपणामुळे, हे कळत नाही.

चेहऱ्यावर प्रसाधन नसावे व केस पांढऱ्या कापडाने झाकावेत. सकाळी, थेट ऊन न येणाऱ्या खिडकीसमोर बसून कापडे आळीपाळीने हनुवटीखाली धरावीत. दुकानातील दिव्यांच्या उजेडावर विसंबू नये. पाहणाऱ्या तिघांनी कापडाकडे नव्हे, तर चेहऱ्याकडे पाहावे: डोळ्यांखालची वर्तुळे व हनुवटीखालची सावली ठळक होते की सौम्य, त्वचा एकसारखी दिसते की डागाळलेली. प्रत्येकाने आपले मत इतरांना न सांगता कागदावर लिहावे. आठ दिवसांनी क्रम बदलून हीच चाचणी पुन्हा घ्यावी.

दोन्ही वेळा तिघांचे मत जुळले, तर त्या निष्कर्षाला काही वजन आहे. मते विखुरली, तर त्या व्यक्तीच्या बाबतीत उष्ण-शीतल भेद नगण्य समजावा व आवडेल ती साडी घ्यावी. त्यानंतर मोतिया व गडद शेवाळी अशा जोडीने फिका-गडद हा भेद तपासता येतो.

निष्कर्ष केवळ चेहऱ्याजवळच्या वस्त्रांना लागू होतो. न शोभणारा रंग साडीच्या काठात किंवा निऱ्यांत असल्यास फारसा फरक पडत नाही. पोलका वा खांद्यावरचा पदर शोभणाऱ्या रंगाचा असला म्हणजे पुरते. त्यामुळे विश्लेषणाच्या आधारे कपाटातील जुनी वस्त्रे टाकून देण्याचे कारण नाही.