रोह्याचा ‘बेल्जियम’ आरसा

पेण-रोह्याकडे जुना आरसा म्हटला की तो ‘बेल्जियमचा’च! रोह्याच्या एका माजघरातला असा आरसा मी उतरवून पाहिला. पेन्सिलीचे टोक काचेला टेकवले. टोक आणि प्रतिबिंब जवळजवळ भिडली. काच पातळ, पण पातळ काच आजही मिळते. कडेचा पैलू कमीजास्त रुंद, म्हणजे बहुधा हाताने घासलेला. खरी साक्ष पाठीची. लीबिगने १८३५ साली दाखवलेल्या रीतीच्या चांदीच्या मुलाम्यावर सहसा रंगाचा लेप असतो. इथे उघडा, करडा, दाणेदार थर आणि खालच्या कडेला पाऱ्याचे थेंब होते. हा कथील-पाऱ्याचा लेप. विसाव्या शतकाच्या आरंभी तो मागे पडला. चौकट मात्र मागाहूनची असावी : पाठफळीवर यंत्रकरवतीचे वळणदार ओरखडे, तारेचे गोल खिळे. थेंबांना मी हात लावला नाही, पारा विषारी.