वसियत, म्हातारपण आणि डॉक्टरांचा दाखला

इंग्लंडमधल्या केझिक गावात जॉन बँक्स नावाचे गृहस्थ होते. मेलेला एक माणूस आपला पाठलाग करतो, भुतं छळतात, असं त्यांना वाटायचं. काही काळ ते वेड्यांच्या इस्पितळातही होते. १८६३ मध्ये त्यांनी मृत्युपत्र करून मिळकत भाचीला दिली. १८६५ मध्ये ते वारले आणि नात्यातल्या एकाने दावा लावला, की वेड्याचं मृत्युपत्र कसलं?

ते वेडे होते, असं डॉक्टरांनीही साक्षीत सांगितलं. तरी १८७० मध्ये मुख्य न्यायाधीश कॉकबर्न यांच्या न्यायालयाने मृत्युपत्र कायम ठेवलं. आजार कोणता, हा प्रश्न नव्हताच. आपण काय करतोय, आपलं काय काय आहे आणि आपल्यावर कुणाचा हक्क आहे, हे त्या माणसाला कळत होतं का? आणि त्या भ्रमामुळे वाटणी बिघडली का? भुतांचा भाचीशी काही संबंध नव्हता.

भारतीय उत्तराधिकार कायद्यातही हेच तत्त्व आहे. माणूस अगदी अशक्त असला, पण वाटणीचा विचार करू शकत असला, तर मृत्युपत्र वैध. साध्या प्रश्नांना उत्तरं देतो, पण मिळकत आणि नातलग उमगत नाहीत, तर अवैध. मुसलमानांच्या वसियतीला हा भाग लागू नाही. पण वसियत करणारा शुद्धीत आणि समजदार असावा, ही अट शरियतीतही आहे.

आता आपल्या जालन्याकडे येऊ. समजा, अंबड तालुक्यातले ८२ वर्षांचे एक चाचा वसियत करताहेत. डॉक्टर एका ओळीत लिहून देतात, "प्रकृती व मनःस्थिती ठीक." दहा वर्षांनी कोर्टात वकील विचारतो, "ठीक कशावरून?" डॉक्टरांना काहीच आठवत नाही. तिथे दाखला ढासळतो.

टिकणारा दाखला वेगळा असतो. त्याच दिवशी डॉक्टर स्वतः तपासतात आणि मुलांना खोलीबाहेर पाठवतात. मग चाचांच्याच बोलीत विचारतात: जमीन किती, घर कुठे, मुलं-मुली किती, या मुलाला जास्त का? उत्तरं चाचांच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहितात आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवतात. गुंगीचं औषध चालू असेल तर तेही नोंदवतात. शिवाय साक्षीदार म्हणून सही केली, तर पुढे कोर्टात त्यांना बोलावता येतं. दोन उत्तरं गोंधळलेली निघाली, तर सही त्या दिवशी थांबवणंच बरं.

पण दाखला फक्त समज सिद्ध करतो. कर्ज फेडून उरलेल्या मिळकतीच्या एक तृतीयांशाहून जास्त दिलं, किंवा सुन्नी घरात एका वारसालाच दिलं, तर वडिलांच्या पश्चात इतर वारसांची संमती लागतेच. मुलींचा हिस्सा डॉक्टरांच्या सहीने कमी होत नाही.