हिरवा दिवा कोणाच्या हिशोबाने? वसईच्या चौकातून सिग्नलचा इतिहास

सुरुवात थोडी लांबून करूया. २२ फेब्रुवारी १९२८, अमेरिकेतलं बाल्टिमोर शहर. चार्ल्स ॲडलर नावाच्या रेल्वे सिग्नलच्या संशोधकाने एका चौकात खांबावर मायक्रोफोन बसवला. मुख्य रस्त्याला हिरवा दिवा कायम असायचा. आडव्या रस्त्यावरून कोणी आलं, तर त्याने थांबून हॉर्न वाजवायचा. मायक्रोफोनने तो ऐकला की थोड्या वेळात दिवा बदलायचा. वाहन आलं म्हणून सिग्नल बदलला, अशी जी सुरुवातीची उदाहरणं सापडतात, त्यातलं हे एक.

आता २०२० चा जानेवारी, मुंबई. मुंबई वाहतूक पोलिसांनी काही निवडक सिग्नलना आवाज मोजणारी यंत्रं जोडली. लाल दिव्याला उभ्या गाड्यांचा हॉर्न ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. जास्त वाजवा, जास्त थांबा! म्हणजे ९२ वर्षांपूर्वी हॉर्न वाजवून हिरवा मिळत होता, आणि आपल्याकडे त्याच हॉर्नने लाल लांबला. गंमत बाजूला ठेवली तरी प्रश्न एकच राहतो. दिव्याला रस्त्यावरचं कळतं का, आणि कळून तो काय करतो?

हा प्रश्न आम्ही वसईच्या चौकात उभे राहून सोडवायला बसतो, कारण इथे तो जास्त टोचतो. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायती मिळून २००९ च्या जुलैमध्ये महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. रेल्वेने शहराचे दोन भाग केलेत आणि पूर्व-पश्चिम जायला पूल मोजकेच. रस्ते गावांचे, गर्दी महानगराची.

समजा स्टेशनच्या पश्चिमेला दोन रस्त्यांचा एक चौक आहे. आकडे आम्ही उदाहरणासाठी धरतोय, पण पद्धत खरी आहे. मुख्य रस्त्याची एका दिशेची रुंदी ७ मीटर. आपल्याकडच्या रोड काँग्रेसच्या मार्गदर्शनात एक अंदाज आहे: हिरवा दिवा अखंड राहिला तर रुंदीच्या दर मीटरमागे तासाला ५२५ कार जातील. रिक्षा, बस, दुचाकी यांना कारच्या हिशोबात बसवून. म्हणजे या रस्त्याची क्षमता तासाला सुमारे ३६७५. प्रत्यक्षात येतात १४७०. म्हणजे क्षमतेच्या ४० टक्के. आडवा रस्ता अरुंद, त्याची मागणी त्याच्या क्षमतेच्या ३० टक्के. बेरीज ७० टक्के. ही बेरीज लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर आहे.

१९५८ साली ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीत एफ. व्ही. वेबस्टर यांनी एक सूत्र मांडलं. लाल, हिरवा, पिवळा असा पूर्ण फेरा किती सेकंदांचा असावा, म्हणजे एकूण थांबणं कमीत कमी होईल? एका फेऱ्यात जो वेळ वाया जातो (दिवा बदलताना कोणीच हलत नाही तो) तो घ्या, त्याची दीडपट करा, त्यात ५ मिळवा. मग १ मधून ती बेरीज वजा करून भागा. आपल्या चौकात वाया जाणारा वेळ १० सेकंद धरला. १५ आणि ५, झाले २०. भागिले ०.३०. उत्तर ६७ सेकंद. त्यातले ५७ वाटायचे. मुख्य रस्त्याला ३३, आडव्याला २४.

हा झाला ठरलेल्या वेळेचा सिग्नल. साधा, स्वस्त, बिघडला तर लगेच कळणारा. पण दुपारी दोन वाजता काय होतं? गर्दी निम्मी झाली, बेरीज ३५ टक्के. सूत्र म्हणतं ३१ सेकंद. आणि संध्याकाळी ती ८५ टक्के झाली तर? २० भागिले ०.१५, म्हणजे १३३ सेकंद! गर्दी ७० वरून ८५ वर गेली, एवढाच फरक, पण फेरा दुप्पट झाला. ठरलेल्या वेळेच्या सिग्नलची खरी अडचण ही आहे. गर्दी थोडी वाढली तर वेळ थोडा वाढवून भागत नाही.

दुपारचे ३१ सेकंद आम्ही कागदावरच ठेवतो. रस्ता ओलांडणारी माणसं असतात. १४ मीटर रुंदीचा मुख्य रस्ता सेकंदाला १.२ मीटर चालीने ओलांडायला १२ सेकंद, त्यात पाय उचलायला ७. म्हणजे आडव्या रस्त्याला किमान १९ सेकंद हिरवा हवाच. दुसऱ्या बाजूचे १६ धरले तर फेरा ४५ च्या खाली जात नाही. हे वाहनांचं गणित करताना नेहमी राहून जातं. मग स्टेशनवरून उतरलेली बाई पोराचा हात धरून मध्येच दुभाजकावर अडकते. आणि दुपारी ६७ सेकंदांचाच फेरा चालू ठेवला, तर मुख्य रस्त्यावरचा रिक्षावाला ३४ सेकंद रिकाम्या चौकाकडे बघत थांबतो. तो दिवा तोडतो तेव्हा आपण त्याला बेशिस्त म्हणतो. निदान अर्धा दोष त्या ३४ सेकंदांचा आहे, असं आमचं मत.

यावर उपाय म्हणून वाहन ओळखणारा सिग्नल. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात रस्त्यात रबरी पट्ट्या बसवायचे, चाक वरून गेलं की हवा दाबून संदेश जायचा. पुढे रस्ता खोदून तारेचं वेटोळं, म्हणजे लूप, बसवायला लागले. हल्ली कॅमेरा. नियम मात्र तोच राहिला आणि तो तीन आकड्यांचा आहे. हिरवा दिवा लागला की किमान काही सेकंद राहतो. प्रत्येक येणारं वाहन त्याला दोन-तीन सेकंद वाढवून देतं. वाहनांमध्ये मोठी फट पडली की दिवा बदलतो, आणि फट पडलीच नाही तर एका कमाल मर्यादेला बदलतो.

दुपारी हे छान चालतं. लोकल आली, रिक्षांचा लोंढा निघाला, दिवा लांबला. लोंढा संपला, दिवा आडव्या रस्त्याला गेला. वसई रोडसारख्या ठिकाणी वाहनं सरासरीने येतच नाहीत, गाडीच्या वेळेने येतात. म्हणून इथे हा प्रकार उपयोगी पडायला हवा.

पण संध्याकाळी दोन गोष्टी होतात. दोन्ही रस्त्यांवर रांग असली की दोन्हीकडे दिवा कमाल मर्यादेपर्यंत जातो. म्हणजे हुशार सिग्नल ठरलेल्या वेळेचाच होतो, फक्त ते आकडे कोणीतरी अंदाजाने ठेवलेले असतात. दुसरं, आपल्या रस्त्यावर लेन नसते. कारच्या मागे जी फट राहते त्यात दोन स्कूटर शिरतात. यंत्राला फट सापडतच नाही, आणि दिवा दर वेळी मर्यादेला जाऊन थांबतो. हे ओळखायचं कसं? गर्दी नसताना घड्याळ लावून दहा फेरे मोजा. हिरवा वेळ दर वेळी तंतोतंत सारखा आला, तर यंत्र आंधळं झालंय किंवा फट ठरवायचे सेकंद चुकलेत. लूप असेल तर आधी रस्ता बघा. खड्डे बुजवताना किंवा पाइपसाठी खोदताना ती तार हमखास तुटते.

एक आडवाट. आपल्याला उलटे सेकंद मोजणारे आकडे फार आवडतात. पण वाहन बघून चालणाऱ्या सिग्नलला स्वतःलाच माहीत नसतं की हिरवा कधी संपणार. आकडे दाखवायचे तर त्याला आधीच निर्णय घ्यावा लागतो, आणि मग त्याचा फायदा बराचसा गेला.

आता एका चौकाचं दुसऱ्याशी नातं. १९१७ मध्ये सॉल्ट लेक सिटीत सहा चौकांचे सिग्नल एकत्र जोडून एकाच ठिकाणाहून हाताने चालवले गेले. १९६३ मध्ये टोरोंटोने कॉम्प्युटर आणला. तत्त्व सोपं आहे. आपल्या चौकापुढे ४०० मीटरवर दुसरा चौक आहे, वाहनं ताशी ३० किलोमीटरने जातात, तर ४८ सेकंदांनी पोचतील. दुसरा दिवा ४८ सेकंद उशिरा हिरवा करा. दोन्ही चौकांचा फेरा मात्र एकसारखा हवा, नाहीतर पुढच्या फेऱ्यात सगळं सरकतं.

आणि परत येणाऱ्यांचं काय? तेही ४८ सेकंदांनी पहिल्या चौकात येतात, म्हणजे सुरुवातीपासून ९६ व्या सेकंदाला. फेरा ६७ चा असेल तर तिथे हिरवा लागून २९ सेकंद झालेले असतात. हिरवा ३३ चा. म्हणजे लोंढ्यातले पुढचे चार सेकंद निघतात, बाकी सगळे लालला. फेरा ९६ चा केला तर दोन्ही दिशा जुळतात, पण मग आडव्या रस्त्यावरचे आणि पायी चालणारे जास्त थांबतात. जाणाऱ्याला दिलं ते कोणाकडून तरी घेतलंच जातं. त्यात मध्येच रिक्षा स्टँड असेल तर लोंढा विस्कटतो आणि ४८ चा आकडा निरर्थक होतो.

सत्तरच्या दशकात लोकांना वाटलं, कॉम्प्युटर मिनिटामिनिटाला नवा हिशोब करेल. वॉशिंग्टनमध्ये तसे प्रयोग झाले, आणि सतत बदलणाऱ्या पद्धती नीट मोजून केलेल्या ठरीव वेळापत्रकांपेक्षा वाईट ठरल्या. वेळापत्रक बदलताना होणारा गोंधळच फायदा खाऊन टाकायचा. मग ब्रिटनच्या स्कूट पद्धतीने वेगळा मार्ग धरला. मोठे बदल नाहीत, एका वेळी चारेक सेकंदांचे. सिडनीची स्कॅट्स साधारण त्याच काळातली.

आपल्या जवळ पाहिलं तर मुंबईने जागतिक बँकेच्या मदतीच्या नागरी वाहतूक प्रकल्पात अडीचशेच्या आसपास चौक अशाच परिस्थितीनुसार बदलणाऱ्या नियंत्रणाखाली आणले. तिथून विरारपर्यंत लोकलने तासा-दीड तासात येता येतं, पण ते नियंत्रण जसंच्या तसं आणता येत नाही. चौकांतली अंतरं वेगळी, रिक्षांचं प्रमाण वेगळं.

वसई-विरारमध्ये पैसा आधी कशावर घालायचा, हे सांगायला एक जुनं निरीक्षण पुरेसं आहे. ठरीव वेळापत्रक जुनं होत जातं आणि त्याचा फायदा वर्षाला साधारण ३ टक्क्यांनी घटतो, असं ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात दिसलं. तिथली शहरं संथ वाढणारी. इथे एक नवीन इमारतींचा पट्टा उभा राहिला की एका पावसाळ्यात आकडे बदलतात. म्हणून आम्ही कॅमेऱ्यांच्या आधी मोजणीचं नाव घेतो. चौकात चार माणसं, सकाळी ७ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ९, दर पंधरा मिनिटांचा वेगळा आकडा, आणि शेजारी लोकलच्या येण्याची वेळ लिहिलेली. त्यातून सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र अशी चार वेळापत्रकं निघतात. ती बसवायला साध्या कंट्रोलरलाही जागा असते. दरवर्षी पावसाळ्यानंतर ती मोजणी परत करायची. पुढच्या आठवड्यात प्रश्नोत्तरं घेऊ, तेव्हा कोणी आपल्या चौकाचे दहा फेरे मोजून आणले तर इथेच हिशोब करू.