तुळईचे वजन : तक्त्यापासून क्रेनच्या हुकापर्यंत

पोलादी तुळईचे वजन जाणून घेण्यासाठी वजनकाट्यावर जावे लागत नाही. 'आयएस ८०८' या भारतीय मानकातील तक्त्यात प्रत्येक आकाराच्या तुळईचे दर मीटरचे वजन दिलेले असते. त्याला लांबीने गुणले की काम झाले. मात्र 'आयएसएमबी ५००' या नावातील ५०० हा आकडा वजनाचा नव्हे, तर तुळईच्या मिलिमीटरमधील उंचीचा असतो. तिचे वजन मीटरला ८६.९ किलो, म्हणजे १२ मीटर लांबीची तुळई १०४२.८ किलोची.

तिला 'एक टन' म्हणून मोकळे होण्याची सवय सर्रास दिसते आणि फसगत होते ती तिथेच. नऊ टन मालाची मुभा असलेल्या ट्रकवर मग नऊ तुळया चढवल्या जातात. प्रत्यक्षात त्या ९३८५ किलो भरतात. आठ तुळयांचे वजन ८३४२ किलो होते. तक्त्यातील वजन हिशेबी असल्याने आणि रोलिंगमध्ये थोडा फरक पडत असल्याने उरलेली जागा मोकळी राहिलेलीच बरी.

क्रेनसाठी एवढा हिशेब पुरत नाही. टोकांना जोडलेल्या प्लेटा, स्लिंग, शॅकल आणि हुक ब्लॉक यांचे वजन त्यात मिळवून ती बेरीज क्रेनच्या त्या त्रिज्येवरील क्षमतेशी ताडावी लागते. स्लिंगचा कोनही महत्त्वाचा. दोन स्लिंग तुळईशी ६० अंशांचा कोन करत असतील, तर एकेकीवर सुमारे ६०२ किलोचा ताण येतो. स्लिंग आखूड पडून कोन ३० अंशांवर आला, तर प्रत्येकीवर निम्म्याऐवजी अख्ख्या तुळईएवढा, १०४३ किलोचा ताण पडतो.